डॉट्सच्या कार्डावर ४७ खुणा, डब्यात ६० गोळ्या. समुपदेशन कसं लिहू? (नागपूर)

संत्री_बर्फी

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नागपूरलाच. कम्युनिटीच्या पोस्टिंगमध्ये एक क्षयरुग्ण घेऊन केस स्टडी करायची आहे. विषय दिलाय ‘डॉट्सवरील रुग्णाला औषधं नियमित घेण्यासाठी समुपदेशन’. डॉट्स म्हणजे कोणाच्या तरी समोर गोळी गिळायची आणि कार्डावर त्या डोसची खूण व्हायची. गॅदर म्हणजे समुपदेशनाच्या सहा पायऱ्या, त्यांचे सहा रकाने भरायचे, एक केअर प्लॅन लिहायचा आणि शेवटी हेल्थ टॉक. टॉक तयार आहे, फ्लॅश कार्डंही रंगवून झाली. पण अडकले भलत्याच ठिकाणी.

रुग्ण ३८ वर्षांचा, कळमना मार्केटात हमाली करतो. पहाटे साडेतीनला घर सोडतो. फुफ्फुसाचा साधा क्षय आहे, औषधाला न जुमानणारा नाही. वजन ४६ किलो म्हणून रोज तीन गोळ्या. मी मंगळवारी संध्याकाळी गेले तो उपचाराचा ४७ वा दिवस होता. कार्डावर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस खुणा, निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतही सगळे चौकोन हिरवे. म्हटलं चला, गुणी रुग्ण मिळाला.

मग वहिनींनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. दोन महिन्यांच्या ५६ डोसच्या मिळून १६८ गोळ्या. ४७ दिवसांत १४१ जायला हव्या होत्या, २७ उरायला हव्या होत्या. डब्यात ६० निघाल्या. मी तीनदा मोजल्या. म्हणजे ३३ गोळ्या जास्त, अकरा दिवस औषध गेलेलंच नाही.

विचारलं तर भाऊ म्हणतात, “इसरून जातो मॅडम. अन् आता बरा आहो ना मी, खोकला नाही का ताप नाही.” मी फ्लॅश कार्डं काढून पंधरा मिनिटं समजावलं. त्यांना जांभया. बिचारे पहाटे तीनला उठलेले.

आता ‘अज्ञानामुळे औषध चुकवणे’ असं निदान लिहू का? आणि कार्डाचं काय लिहू?

तर्रीपोहे

ताई, अकरा डोस चुकले म्हणून घाबरून जाऊ नका. मलाही चार वर्षांआधी झाला होता टीबी. पाणी जास्त प्या, अंडी खा, गोळी रोज एकाच वेळी घ्या. लघवी लाल होते ती औषधानं, रक्त नाही ते. मी पहिल्या दिवशी संडासात ओरडलो होतो, घरचे धावत आले. तुमचं वजन किती आहे आता?

संत्री_बर्फी

दादा, मला नाही झाला हो! माझ्या रुग्णाला आहे. मी विद्यार्थिनी आहे.

तर्रीपोहे

अरे बाप्पा. मी वरच्या दोन ओळी वाचून लिहिलं. राहू द्या, कोणाच्या कामी येईल.

निवृत्त_सिस्टर

बेटा, मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बरीचशी क्षयाच्या कामात. तुझा रुग्ण चुकला तो गोळ्या घरी दिल्या म्हणून. आमच्या वेळी सोमवार, बुधवार, शुक्रवार रुग्ण केंद्रावर यायचा, त्याच्या नावाचा खोका माझ्या कपाटात असायचा. माझ्यासमोर गिळायचं, मग तोंड उघड, जीभ वर कर. पहिल्या टप्प्याचे २४ डोस, एकही माझ्या डोळ्यांआड नाही.

आता अकरा चुकले म्हणजे कोर्स बाद. पहिल्यापासून सुरू करावा लागेल, कदाचित इंजेक्शनंही. हे असाइनमेंटमध्ये ठळक लिही आणि रुग्णालाही सांग. त्याला थोडी भीती बसायलाच पाहिजे.

स्कूटीवर_गोळ्या

सिस्टर, नमस्कार करून दोन गोष्टी बोलतो. मी क्षय कार्यक्रमात वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक आहे, चौदा वर्षं झाली, स्कूटी तिसरी आहे.

तुम्ही सांगता ती पद्धत आठवड्यातून तीनदाची. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्या आल्या. तीनदाच्या पद्धतीत एक डोस चुकला तर खूप मोठं खिंडार पडायचं, म्हणून तुमची जीभ-वर-कर शिस्त योग्यच होती. पण अकरा सुटे डोस चुकले म्हणून कोर्स बाद होत नाही. सलग एक महिना किंवा जास्त औषध बंद राहिलं तर मामला वेगळा. तेव्हा तो ‘उपचार सोडलेला’ धरला जातो, परत आल्यावर पुन्हा तपासणी, औषधाला जंतू दबतात की नाही तेही पाहतात. तुम्ही म्हणता ती इंजेक्शनंही अशाच सोडून परत आलेल्या जुन्या रुग्णांना मिळायची, ती पद्धत आता बंद झाली.

या भाऊंचे ५६ पैकी ३६ डोस गेले. उरले २०. ते वीस पूर्ण होईपर्यंत पहिला टप्पा चालेल, म्हणजे आजपासून एकही चुकला नाही तर ५६ व्या ऐवजी ६७ व्या दिवशी संपेल. मग थुंकी तपासायची आणि पुढच्या चार महिन्यांच्या गोळ्या सुरू.

सगळं पहिल्यापासून म्हटलं ना सिस्टर, तर तो माणूस दुसऱ्या दिवसापासून दिसणार नाही. भीतीनं मी तीन रुग्ण घालवले आहेत माझ्या पहिल्या वर्षी.

निवृत्त_सिस्टर

नवीन नियम मला माहीत नव्हता, मान्य. पण समोर गिळायचं ते सोडू नका, एवढंच माझं म्हणणं. नावातच आहे ना ते, समोर बघून दिलेला उपचार. मग समोर कोण बघत होतं?

स्कूटीवर_गोळ्या

तोच खरा प्रश्न आहे. संत्री ताई, तुमच्या आशाताई किती वाजता जातात त्या घरी?

संत्री_बर्फी

दहाच्या सुमारास. भाऊ तेव्हा बाजारात असतात, अकरा-साडेअकराला येतात आणि झोपतात. मी आशाताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, पहिले दोन आठवडे तो तापानं घरीच पडून होता तेव्हा रोज समोर दिल्या. कामावर जायला लागला तसा भेटेना. मग पाकिटं घरी ठेवली, सकाळी फोन करायच्या, वहिनी म्हणायच्या घेतली, त्या खूण करायच्या. वहिनी तरी काय करणार, त्या स्वतः सात वाजता धुण्याभांड्याच्या कामाला जातात. साडेतीनला नवऱ्यानं अंधारात काय खाल्लं त्यांना कसं कळणार.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे एका बाईनं न बघता सांगितलं, दुसरीनं न बघता लिहिलं, अन् कम्प्युटरनं न बघता हिरवं केलं. वा रे देखरेख.

पुण्याची_मैना

एवढं कशाला, व्हिडिओ करून पाठवायला सांगा ना. गोळी गिळतानाचा मोबाइलवर व्हिडिओ. माझ्या ओळखीच्या एकांनी असंच पूर्ण केलं, त्यांना रोज कुठे जावंही लागलं नाही.

संत्री_बर्फी

ताई, भाऊंकडे बटणांचा फोन आहे. घरात एकच स्मार्टफोन, तो मुलीकडे, आणि तिला ते यात ओढायला तयार नाहीत. पूर्वी पाकिटावर गोळीमागे नंबर निघायचा आणि मिस्ड कॉल द्यायचा ते मी वाचलंय, पण यांच्या पाकिटावर तसं काही नव्हतं.

स्कूटीवर_गोळ्या

मिस्ड कॉलनं तरी काय कळतं? गोळी पाकिटातून बाहेर निघाली एवढंच. पोटात गेली की नाही ते नाही.

बरं, आता समुपदेशनाकडे येऊ. ताई, तुम्ही मोजल्यात ते उत्तम केलं. पण मोजून झाल्यावर लगेच ‘का चुकवता’ विचारलंत. त्या प्रश्नाला साऱ्या नागपुरात एकच उत्तर मिळतं, ‘विसरलो’. ‘का’ म्हटलं की माणूस आरोपी होतो, आणि विसरणं हा सगळ्यात स्वस्त गुन्हा.

परत जा. गुरुवारी जा, संध्याकाळी पाचनंतर, त्यांची झोप झाल्यावर. फ्लॅश कार्डं घरी ठेवा. असं म्हणा की, ‘भाऊ, रोज तीन-तीन गोळ्या खाणं जड जातं, बहुतेकांच्या चार-दोन राहतातच. तुमच्या कोणत्या वारी राहिल्या ते आपण आठवू.’ मग मागून पुढे नाही, पुढून मागे या. काल उठलात ते सांगा, चहा प्यायलात का, गोळी कुठे होती, कशासोबत घेतली. मग परवा. मग रविवार. मोजलेल्या अकरा दिवसांना प्रत्येकी एक कारण मिळालं पाहिजे. दहाला मिळालं तरी चालेल.

तुमच्या गॅदरमधला विचारण्याचा रकाना हाच आहे. बहुतेक विद्यार्थिनी तिथे दोन ओळी लिहितात आणि सांगण्याच्या रकान्यात दोन पानं.

क्लिनिकल_ट्यूटर

वरच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. मी असे गठ्ठे तपासते. शंभरातल्या नव्वद केअर प्लॅनमध्ये ‘ज्ञानाचा अभाव’ हेच निदान असतं, कारण त्यावर हेल्थ टॉक हा उपाय तयार असतो. तुझ्या रुग्णाला गोळी कशाची आहे हे माहीत आहे का? सहा महिने घ्यायची हे माहीत आहे का? माहीत असेल तर ज्ञानाचा अभाव नाही.

आणि एक, मोजलंस तेव्हा मंगळवारचा डोस झालेला होता की बाकी होता? नाहीतर तुझा हिशेब तीन गोळ्यांनी चुकतो.

संत्री_बर्फी

झालेला होता मॅडम, पहाटेच. रिकामं पाकीट उशाशी होतं.

आणि हो, त्यांना सगळं माहीत आहे. सहा महिने, मधे सोडायची नाही, खोकताना रुमाल, सगळं. माझ्यापेक्षा छान सांगितलं त्यांनी मुलीला.

संत्री_बर्फी

गुरुवारी जाऊन आले. दीड तास बसले. अर्धा वेळ काही बोललेच नाहीत, खर्रा चोळत होते. मीही गप्प बसले, अवघड गेलं ते. मग वहिनींनी चहा आणला आणि त्याच बोलल्या, “रविवारचं सांगा ना मॅडमले.”

शनिवारी हप्ता मिळतो. संध्याकाळी चार मित्र बसतात. ठेल्यावर कोणीतरी सांगितलं होतं की दारूवर टीबीची गोळी घेतली तर लिव्हर फुटते. म्हणून शनिवारी प्याले की रविवारी पहाटे गोळी नाही. मुद्दाम नाही, म्हणजे आळस म्हणून नाही, जपून. असे पाच रविवार. पहिले दोन रविवार आजारामुळे पीत नव्हते, ते डोस झालेले आहेत.

दोन दिवस तुमसरकडे साळ्याच्या लग्नात. गोळ्या नेल्याच नाहीत. सासुरवाडीच्या घरात पाकीट कोणी पाहिलं तर मुलीच्या लग्नापर्यंत ते बोलणं जाईल, असं म्हणाले.

तीन दिवस उलटीचे. पहाटे उपाशीपोटी तीन गोळ्या, वर काळा चहा, वर खर्रा, मग पन्नास किलोचं पोतं पाठीवर. एकदा बाजारातच उलटी झाली, सगळ्यांसमोर. त्यानंतर जिवाला मळमळलं की त्या दिवशी नाही.

पाच अधिक दोन अधिक तीन, दहा. अकरावा कोणालाच आठवला नाही.

तर्रीपोहे

लग्नाचं वाचून अंगावर काटा आला. मी माझ्या भावाच्या लग्नात गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून नेल्या होत्या. आत्यानं विचारलं कशाच्या, म्हटलं केस गळतात. सहा महिने माझे केस गळत होते सगळ्या नातेवाइकांत. त्याला सांगा ताई, डबी बदल म्हणावं. पण पत्त्यातून काढून किती दिवस ठेवायच्या ते दादांना विचारा, माझ्या ओल धरल्या होत्या.

स्कूटीवर_गोळ्या

दोन-तीन दिवसांसाठी पत्ता कात्रीनं कापून तेवढाच न्यायचा, गोळ्या सुट्या करायच्या नाहीत. कापलेल्या तुकड्यावर नावही नसतं.

आता पाहा ताई, दहा डोसमागे तीन वेगवेगळी कारणं निघाली आणि एकातही ‘विसरलो’ नाही. तीन कारणांना तीन उपाय लागतील, टॉक एकालाही लागू नाही.

उलटीपासून सुरू करा, ते सगळ्यात सोपं. या गोळ्या उपाशीपोटी जास्त चांगल्या लागू पडतात, म्हणून सगळीकडे सकाळी उपाशी सांगतात. पण उलटून पडलेली गोळी शून्य लागू पडते. थोडं हलकं खाऊन घेतली तरी चालते. त्यांच्या दिवसात शांत वेळ कोणती? मला वाटतं रात्री. सातला वहिनी घरी, जेवण लवकर करून साडेआठला गोळी, नवाला झोप. मळमळ झालीच तर झोपेत जाईल. ज्या दिवशी वेळ बदलाल त्या दिवशी पहाटेची सोडायची आणि तीच रात्री घ्यायची. एका दिवसात दोन वेळा नाही.

आणि रात्रीचा मोठा फायदा म्हणजे तेव्हा घरात बघणारं माणूस आहे. सिस्टरांचा प्रश्न तिथे सुटतो.

निवृत्त_सिस्टर

घरचं माणूस नको असायचं आमच्याकडे. बायको नवऱ्याला काय दटावणार? तो रागावला की तीच खोटं बोलेल, आत्ता बोललीच ना.

स्कूटीवर_गोळ्या

आता घरच्या माणसाला परवानगी आहे. पण तुमची शंका खोटी नाही. म्हणून रुग्णालाच विचारायचं, कोणासमोर घ्यायला चालेल. तो म्हणेल ते नाव. मी एकदा एका रुग्णासाठी पंक्चरवाला ठेवला होता, सहा महिने एक डोस चुकला नाही.

संत्री_बर्फी

विचारलं. वहिनी चालतील म्हणाले, पण “किरकिर नाही करायची” ही अट. वहिनींनी विचारलं, चुकलेली दुसऱ्या दिवशी मिळून सहा दिल्या तर? मी नको म्हटलं, बरोबर ना?

स्कूटीवर_गोळ्या

बरोबर. त्याच दिवशी आठवली तर झोपेपर्यंत कधीही घ्यायची. दिवस उलटला की गेला, तो शेवटी जोडला जातो. सहा एकदम दिल्या तर पुन्हा उलटी आणि लिव्हरवर ताण.

वऱ्हाडी_ठेचा

अन् दारू? मुख्य मुद्द्यावर सगळे गप्प. सरळ सांगा, दारू सोड नाहीतर मरशील. ठेल्यावरचा माणूस खरंच बोलला ना, लिव्हर खराब होतेच.

स्कूटीवर_गोळ्या

ठेलेवाला निम्मा खरा आहे, म्हणूनच त्याचं पटलं. यातली तीन औषधं लिव्हरला जड असतात आणि दारूनं धोका वाढतो, हे खरंच. पण त्यानं काढलेला निष्कर्ष उलटा. दारू चुकवायची तर गोळी चुकवली.

सोडा म्हणून सांगायचंच, तेही डॉक्टरांच्या तोंडून, आणि लिव्हरची रक्ततपासणी करून घ्यायची. पण ताई, तुम्ही ‘प्यालात तर गोळी घेऊ नका’ असं चुकूनही सूचित करू नका, आणि ‘प्यालात तरी बिनधास्त घ्या’ असंही नाही. मी असं बोलतो की, ‘दारू कमी करायला आपण बघू, पण गोळीचा वार दारू ठरवणार नाही.’ सोबत धोक्याची खूण शिकवायची. जेवण नकोसं होणं, सारखी उलटी, डोळे पिवळे. यातलं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात.

इथे एक गफलत होते. लघवीचा रंग. रिफाम्पिसिननं ती तांबूस-केशरी होते, काविळीतही गडद होते. रुग्णाला सांगायचं, लघवीकडे नाही, आरशात डोळ्यांकडे बघ.

पुण्याची_मैना

मग लघवीचा रंग बघून गोळी घेतली की नाही ते कळेल ना? मोजत कशाला बसायचं?

स्कूटीवर_गोळ्या

कळतं, थोडंफार. गोळीनंतर काही तासांत रंग येतो, दुसऱ्या दिवसापर्यंत उतरतो. म्हणजे फार तर कालची-आजची कळते, मागच्या रविवारची नाही. आणि उन्हाळ्यात कळमन्यात ट्रक रिकामा करणाऱ्या माणसाची लघवी पाणी कमी प्याल्यानंच तांबूस असते, तुमच्या पुण्यात काय ते माहीत नाही. मी एकदा रंगावर विश्वास ठेवून फसलोय. म्हणून रंग विचारायचा, पण भरवसा डब्यातल्या मोजणीवर. तीही न सांगता, अधूनमधून. मोजणीलाही मर्यादा आहे, गोळ्या काढून फेकल्या तर डबा बरोबरच दिसेल.

मद्रासला १९५६ मध्ये क्षयरोग्यांना सॅनिटोरियमऐवजी घरी ठेवून औषध देण्याचा प्रयोग सुरू झाला ना, तेव्हाही अचानक घरी जाऊन गोळ्या मोजायचे आणि लघवी तपासायचे. घरी राहून रोगी बरा होतो हे तिथे सिद्ध झालं. आपण अजून तेच करतोय, फक्त स्कूटीवर.

क्लिनिकल_ट्यूटर

संत्री, आता केअर प्लॅनमध्ये निदान असं लिही की औषधोपचार रोजच्या दिनक्रमात बसत नाही, त्याच्याशी संबंधित कारणं पहाटेची पाळी, उपाशीपोटी मळमळ, दारूविषयीचा गैरसमज आणि आजार उघड होण्याची भीती. पुरावा म्हणून ४७ पैकी ३६ डोस, म्हणजे साधारण ७७ टक्के. ध्येय ‘रुग्णाला महत्त्व समजेल’ असं लिहू नकोस, ते मोजता येत नाही. ‘पुढच्या नऊ दिवसांत नऊपैकी किमान आठ डोस वहिनींसमोर’ असं लिही, म्हणजे मूल्यमापनाला काहीतरी हातात असेल.

घरातल्या मुलीची तपासणी आणि प्रतिबंधक उपचाराची चौकशी झाली का तेही एका ओळीत हवं.

संत्री_बर्फी

झाली मॅडम, तिचा एक्स-रे काढलाय. पोषणाचे महिन्याचे हजार रुपये मात्र आलेले नाहीत, बँक खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून. तेही आशाताई बघतायत.

आता अवघड प्रश्न. कार्ड. ४७ खुणा आणि ३६ डोस. हे लिहिलं तर आशाताई अडचणीत येतात. त्या वाईट नाहीत हो. एका दिवसात किती घरं, लसीकरण, सर्वे, आणि या कामाचे हजार रुपये उपचार पूर्ण झाल्यावरच मिळतात. मला घरही त्यांनीच दाखवलं.

वऱ्हाडी_ठेचा

लिहा. खोटी खूण ती खोटी खूण. उद्या तो माणूस औषधाला न जुमानणारा टीबी घेऊन आला तर निक्षय म्हणेल सगळं हिरवं होतं.

निवृत्त_सिस्टर

नको बेटा. असाइनमेंट कॉलेजात जातं, तिथून कुठे जाईल सांगता येत नाही. आशाशी बोल, ती कार्ड दुरुस्त करेल. आमच्या वेळी शाईनं लिहिलेलं खोडायला सुद्धा सही लागायची.

क्लिनिकल_ट्यूटर

‘नोंद आणि गोळ्यांची मोजणी यांत ११ डोसचा फरक आढळला, संबंधितांना कळवला’ एवढं लिही. नाव नको, दोषही नको. फरक लपवू नकोस.

वऱ्हाडी_ठेचा

मॅडम, हे म्हणजे चोरी झाली पण चोर कोण ते विचारू नका.

स्कूटीवर_गोळ्या

ठेचा भाऊ, चोर शोधायचा तर माझ्यासारख्यापासून शोधा. असली कार्डं मी महिन्याला चाळतो, सह्या करतो. सलग ४७ खुणा, एकाच पेनानं, एकाच तिरक्या रेघेनं. खरं कार्ड असं दिसत नाही, त्यात कुठे डाग, कुठे वेगळी शाई, एखादा रिकामा चौकोन असतोच. मला ते दिसतं, आणि वेळ नसतो म्हणून मी पुढे जातो.

ताई, कार्ड दुरुस्त झालंच पाहिजे, कारण त्यावरून पहिला टप्पा ५६ व्या दिवशी संपवतील आणि वीसपैकी अकरा डोस राहूनच जातील. ते झालं की बाकी तुम्ही आणि तुमच्या मॅडम ठरवा.

संत्री_बर्फी

आज शुक्रवार, ५७ वा दिवस. सकाळी अकराला न सांगता गेले, मोजलं. डब्यात ३६ गोळ्या. मंगळवारच्या त्या मोजणीपासून नऊ डोस व्हायला हवे होते, आठ झाले. म्हणजे एकूण ४४, बाकी १२. वहिनींनी कॅलेंडरवर संत्र्याच्या रंगाच्या खडूनं ठिपके दिलेत, त्यांचे त्यांनीच. उलटी एकदाही नाही. रक्त दिलंय, रिपोर्ट सोमवारी मिळेल. आशाताईंनी कार्ड दुरुस्त केलं, मला आधी रागावल्या, मग म्हणाल्या सोमवार-गुरुवार रात्री आठला मीच चक्कर मारते, माझ्या घराच्या वाटेवरच आहे.

चुकला तो एक डोस शनिवारचा. साडेआठला भाऊ घरीच नव्हते, अकराला आले. वहिनी म्हणाल्या, “त्या अवस्थेत मी काय गोया देऊ त्यायले?”

तर्रीपोहे

शनिवारी संध्याकाळी हप्ता घ्यायला जायच्या आधीच गोळी घेतली तर? पाच वाजता. मग पुढे काय ते पुढे.

निवृत्त_सिस्टर

आणि तासाभरात वर दारू? काहीतरीच.

स्कूटीवर_गोळ्या

मी नाही म्हणणार नाही, हो पण म्हणणार नाही. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनाच विचारा. तोवर एक करा, हप्ता वहिनींच्या हाती आणता येतो का ते भाऊंना विचारून पाहा. कधीकधी जमतं.

संत्री_बर्फी

उद्याच शनिवार आहे. पाचला जाते त्यांच्याकडे, दोन्ही विचारते. असाइनमेंटची तारीख सोमवार, मूल्यमापनाचा रकाना रिकामाच ठेवलाय.